उपचारांसाठी मदतीचं आवाहन: पेशंटला वाचून दाखवता येईल असं

घरातलं माणूस आयसीयूत असतं आणि बाहेरच्या बाकावर बसून कुणीतरी फोनवर मदतीचं आवाहन लिहीत असतं. लिहिणारा सहसा दोन रात्री झोपलेला नसतो. त्या अवस्थेत स्वतःचं काही सुचत नाही, म्हणून आधी कुठेतरी वाचलेल्या आवाहनांची भाषा आपोआप उतरते: मृत्यूशी झुंज, हात जोडून विनंती, माणुसकी असेल तर. कुणी वाईट हेतूने असं लिहीत नाही. पण पैसे देणाऱ्याला जे कळायला हवं ते त्यात नसतं आणि पेशंटबद्दल जे चव्हाट्यावर यायला नको ते सगळं असतं.

इथे एकच आवाहन घेऊ, ते मोडू आणि पुन्हा लिहू. उदाहरण रचलेलं आहे, आजाराची माहिती मात्र खरी. पेशंट ३८ वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिला गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस झाला आहे. आवाहन लिहिणारा तिचा धाकटा भाऊ. आकड्यांना मुद्दाम चलन लावलेलं नाही, कारण ते हिशेबाची रीत दाखवण्यापुरतेच आहेत.

भावाने पहिल्यांदा लिहिलं ते असं:

"हात जोडून विनंती! माझी देवासारखी ताई मृत्यूच्या दारात उभी आहे. एका भयंकर, असाध्य आजाराने तिच्या शरीराचा दगड झाला आहे. डॉक्टरांनी फक्त ४८ तास दिले आहेत. तिची चिमुकली लेक 'आई कधी येणार' म्हणून रात्रंदिवस टाहो फोडते आहे. आमचं सगळं संपलं. २५ लाख जमले नाहीत तर उद्या ती आपल्यात नसेल. हे वाचून पुढे निघून गेलात तर देव तुम्हाला माफ करणार नाही. माणुसकी जिवंत असेल तर शेअर करा!"

आधी यातलं काय खरं आहे ते पाहू. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होऊन वर चढतो आणि साधारण चार आठवड्यांच्या आत जास्तीत जास्त पातळीला पोचतो. काहींच्या श्वासाच्या स्नायूंवरही परिणाम होतो आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. आजार गंभीर आहे, त्यात मृत्यूही होतात. पण 'असाध्य' हा शब्द सरळ चुकीचा आहे. बहुतेक पेशंट काही महिन्यांत पुन्हा स्वतःच्या पायांवर चालू लागतात, काहींना अशक्तपणा किंवा थकवा कायमचा राहतो. शिवाय आजार असाध्य असेल तर पैसे कशासाठी मागताय, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

'४८ तास दिले' हे वाक्य अशा मजकुरांत इतक्या वेळा येतं की ते कुठून येतं हे सांगायला हवं. डॉक्टर म्हणालेले असतात, "पुढचे ४८ तास श्वासावर बारीक लक्ष ठेवावं लागेल." घाबरलेल्या माणसाच्या कानात ते 'फक्त ४८ तास उरलेत' असं शिरतं. मग तिसऱ्या दिवशी पेशंट व्हेंटिलेटरवर स्थिर असते, आवाहन तसंच फिरत राहतं आणि ओळखीचे लोक हळू आवाजात एकमेकांना विचारू लागतात की नेमकं खरं काय. या आजारात पैसे तर पुढचे कित्येक आठवडे लागणार असतात. दोन दिवसांची घाई दाखवणारा मजकूर खऱ्या गरजेच्या काळात शिळा होऊन पडतो.

आणि 'शरीराचा दगड'. जीबीएस मेंदूवर हल्ला करत नाही. झोपेचं औषध चालू नसेल तर व्हेंटिलेटरवरची ही बाई पूर्ण शुद्धीवर आहे. तिला ऐकू येतं, समजतं, फक्त बोलता आणि हलता येत नाही. तिच्या उशाशी बसून कुणी हे आवाहन मोठ्याने वाचलं तर तिला काय वाटेल? मी आवाहन तपासताना हीच कसोटी लावतो. पेशंट शुद्धीवर नसेल तेव्हाही ती लावता येते, कारण माणूस बरं होतं, घरी येतं आणि एक दिवस स्वतःचं नाव सर्चमध्ये टाकतं.

पहिली पायरी: पेशंटची संमती

आपल्याकडे हे राहून जातं, कारण आजारी माणसाला त्रास नको असं घरच्यांना वाटतं. पण आजाराचं नाव, फोटो आणि घरची परिस्थिती हे सगळं तिचं आहे. बोलता येत नसलं तरी विचारता येतं.

रीत अशी. आधी नर्सला विचारा की कोणती हालचाल भरवशाची आहे. डोळे मिटणं सगळ्यांत सोपं वाटतं, पण जीबीएसमध्ये चेहऱ्याचे स्नायूही दुबळे होतात आणि पापणी नीट मिटत नाही. मग बोट हलवणं किंवा डोळे वर-खाली करणं ठरवावं लागतं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पहिले दोन प्रश्न उत्तर माहीत असलेले विचारा ("आज शाळेला सुट्टी आहे का?"), म्हणजे खूण जमते आहे की नाही ते कळतं. मग एका वेळी एकच गोष्ट विचारा: पैशासाठी लोकांना सांगू का? तुझं नाव लिहू का? आजाराचं नाव लिहू का? फोटो टाकू का? मुलीबद्दल लिहू का? 'सगळं टाकू ना?' असं एकदम विचारलं तर थकलेलं माणूस हो म्हणून मोकळं होतं.

आपल्या उदाहरणातल्या ताईने नावाला हो म्हटलं, आजाराला हो म्हटलं, हॉस्पिटलातल्या फोटोला नाही आणि मुलीचा उल्लेख करायला ठाम नाही. मुलगी शाळेत जाते. तिच्या वर्गातल्या मुलांच्या घरी हे आवाहन पोचणार, हे आईच्या लक्षात आलं. घाईत असलेल्या भावाच्या ते आलं नव्हतं.

झोपेचं औषध चालू असेल आणि विचारणं शक्यच नसेल तर कमीत कमी माहितीवर आवाहन सुरू करा: पहिलं नाव, वय, आजार, खर्च. जाग आल्यावर विचारून वाढवा. जास्तीचं काढून टाकणं मात्र जमत नाही, कारण तोवर त्याचे स्क्रीनशॉट भलत्याच ग्रुपवर पोचलेले असतात.

दुसरी पायरी: डॉक्टरांचे शब्द, डॉक्टरांना दाखवून

राउंडच्या वेळी डॉक्टरांकडे पाचेक मिनिटं असतात. प्रश्न कागदावर लिहून न्या: आजाराचं नेमकं नाव काय, आत्तापर्यंत काय उपचार झाले, पुढे काय होणार, साधारण किती दिवस, आणि काय बिघडू शकतं. दिवसांचा आकडा विचारताना कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही विचारा आणि दोन्ही लिहा. 'तीन ते चार आठवडे' लिहिलं असेल तर पंचविसाव्या दिवशीही तुम्ही खरेच ठरता.

जीबीएसमध्ये या माहितीने आवाहनाचं स्वरूपच बदलतं. मुख्य औषध इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी. ते शिरेतून देतात. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ताईचं वजन ६० किलो धरलं तर एकूण १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हे लिहिलं की खर्चाचा एक मोठा आकडा वाचणाऱ्याला आपोआप पटतो, त्यासाठी विशेषणं लागत नाहीत. दुसरं म्हणजे औषध संपलं तरी सुधारणा लगेच दिसत नाही. नसा सावरायला आठवडे लागतात. हे आधीच सांगितलेलं नसेल तर दहाव्या दिवशी लोक विचारतात, "एवढं महागडं औषध दिलं, मग अजून व्हेंटिलेटर का?"

इथे एक सल्ला हमखास येतो: आणखी एक कोर्स द्या, त्याचेही पैसे आत्ताच मागून घ्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत गंभीर जीबीएसच्या पेशंटना दुसरा कोर्स देऊन फायदा दिसला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम वाढले. निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. पण त्यांनी न सांगितलेला उपचार आवाहनात आणि हिशेबात येता कामा नये.

मजकुरातला आजाराचा परिच्छेद टाकण्यापूर्वी ड्युटीवरच्या डॉक्टरांना दाखवा. चार ओळी वाचायला कुणी नाही म्हणत नाही. 'असाध्य' तिथेच खोडला जातो.

तिसरी पायरी: आकडा

२५ लाख कुठून आले, असं भावाला विचारलं तर तो म्हणेल, "जास्त मागितले तर निम्मे तरी येतील." बाजारातली ही घासाघीस इथे अंगाशी येते. आकडा गोल आणि प्रचंड असला की ओळखीचा माणूस मनात म्हणतो, माझ्या थोड्याशा पैशाने काय होणार. अनोळखी माणसाला सरळ संशय येतो.

हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह इस्टिमेट घ्या आणि ते बाबवार फोडून मागा. आपल्या उदाहरणात ते असं आलं: आयसीयू आणि व्हेंटिलेटर २५ दिवस, ७,००,०००. आयव्हीआयजीच्या २४ बाटल्या, ३,६०,०००. ट्रेकिऑस्टॉमी (लांब मुदतीच्या व्हेंटिलेटरसाठी गळ्यातून नळी बसवतात ती), तपासण्या आणि इतर औषधं, १,४०,०००. त्यानंतर वॉर्डातले १५ दिवस आणि फिजिओथेरपी, २,००,०००. एकूण १४,००,०००.

आता यातून वजाबाकी. विम्याने ४,००,००० मंजूर केले, घरच्यांनी ३,५०,००० भरले. उरले ६,५०,०००. मागायचा आकडा याच्याच आसपास. विमा लपवावा असं पुष्कळांना वाटतं, कारण 'विमा आहे म्हटल्यावर कोण देईल'. पण शाळेतल्या सहकाऱ्यांना विमा असल्याचं माहीत असतं, आणि पहिले देणारे तेच असतात. विमा सांगून तो कुठे कमी पडला हे दाखवलं तर उरलेला आकडा जास्त खरा वाटतो.

यात क्राउडफंडिंग साइट आणि पेमेंटचं शुल्क मिळवायचं. ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, सुरुवात करण्याआधी लेखी पाहून घ्या. समजा सगळं मिळून ५ टक्के कापले जातात. इथे लोक ६,५०,००० मध्ये ५ टक्के मिळवून ६,८२,५०० काढतात, ते चुकतं, कारण शुल्क जमलेल्या पूर्ण रकमेवर लागतं. ६,५०,००० ला ०.९५ ने भागा: सुमारे ६,८४,२११. म्हणून ६,८५,००० ठेवा. काही साइटवर देणाऱ्याकडून वेगळी 'टिप' मागतात आणि तिचा आकडा आधीच निवडून ठेवलेला असतो. तो शून्य करता येतो का ते स्वतः थोडी रक्कम भरून पाहा आणि लोकांना सांगा. आपण सुचवलेल्या ठिकाणी आपल्याच माणसाचे जास्तीचे पैसे गेले तर राग आपल्यावर निघतो.

चौथी पायरी: लिहिणं

फोनवर लिंक पाठवली की शीर्षक आणि पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तेवढ्यात कोण, काय झालं आणि कशासाठी किती, हे यायला हवं. 'कृपया ताईला वाचवा' या शीर्षकातून काहीच कळत नाही, ते कुठल्याही ताईला लागू पडेल.

मजकूर एकाच माणसाबद्दल असू द्या. दरवर्षी इतक्या लोकांना हा आजार होतो वगैरे आकडेवारी घालण्याचा मोह होतो, विशेषतः शिकलेल्या नातेवाइकांना. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले दान मागितलं होतं. फक्त एका मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, फक्त दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी १.४३. म्हणजे आकडेवारी जोडली की एका माणसासाठी आलेलं मनही मागे हटतं. आपल्या पेशंटचा खर्च, दिवस आणि बाटल्या मात्र जरूर द्या, ती तिचीच माहिती आहे.

रडका मजकूर कधी कधी जास्त पैसे आणतो हेही खरं आहे, विशेषतः अनोळखी लोकांकडून. पण साध्या कुटुंबाच्या आवाहनाला बहुतेक पैसे ओळखीच्यांकडून आणि त्यांच्या ओळखीच्यांकडून येतात. यांना ताई माहीत असते. त्यांना हंबरडा वाचायचा नसतो. ती कशी आहे, किती कमी पडतंय आणि पैसे कुठे भरायचे, एवढंच त्यांना हवं असतं.

भावाने पुन्हा लिहिलेलं आवाहन हे. नाव आणि तारखा मी गाळल्या आहेत.

"शीर्षक: विज्ञान शिक्षिका, वय ३८, जीबीएसमुळे व्हेंटिलेटरवर. उपचारखर्चात ६,५०,००० कमी पडत आहेत.

माझी थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवते. तिला गुलेन-बॅरे सिंड्रोम झाला आहे आणि गेले आठ दिवस ती व्हेंटिलेटरवर आहे.

सुरुवात पायांतल्या मुंग्यांनी झाली. चार दिवसांत चालणं थांबलं, सहाव्या दिवशी श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या नसांवर हल्ला करते. ताई शुद्धीवर आहे, तिला सगळं ऐकू येतं आणि समजतं. हा मजकूर तिला वाचून दाखवला आहे आणि तिच्या संमतीने टाकला आहे.

आयव्हीआयजी या औषधाचा पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झाला आहे. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. डॉक्टरांच्या अंदाजाने आयसीयूत एकूण तीन ते चार आठवडे आणि नंतर वॉर्डात सुमारे दोन आठवडे राहावं लागेल. बहुतेक पेशंट काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात, काहींना अशक्तपणा राहतो. ताईच्या बाबतीत नेमकं काय होईल हे आत्ता सांगता येत नाही.

हॉस्पिटलचा अंदाज १४,००,००० आहे (बाबवार इस्टिमेट सोबत जोडलं आहे). विम्याचे ४,००,००० मंजूर झाले, आम्ही घरच्यांनी ३,५०,००० भरले. ६,५०,००० कमी पडतात. साइटचं शुल्क धरून लक्ष्य ६,८५,००० ठेवलं आहे. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील.

दर रविवारी तब्येत आणि जमाखर्च इथे लिहीन. बिल अंदाजापेक्षा कमी आलं तर उरलेले पैसे घरी आल्यानंतरच्या फिजिओथेरपीला वापरू आणि त्याचा हिशेब देऊ. तेही नको असेल त्यांना त्यांच्या वाट्याचे परत करू.

पैसे देणं जमणार नसेल तर काहीच हरकत नाही. काही विचारायचं असेल तर मला फोन करा."

पहिल्या मजकुरातलं काय राहिलं? ताई, आजार आणि पैशाची गरज. मुलगी गेली, देव गेला, ४८ तास गेले. नवीन आलं ते उपचारांचं वेळापत्रक, हिशेब आणि 'सांगता येत नाही' हे वाक्य. अनिश्चितता मान्य केली की मजकूर दुबळा होतो अशी भीती असते. मला उलटा अनुभव आहे: त्या एका वाक्यामुळे बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. 'पैसे नसतील तर ती नसेल' हे वाक्य मात्र कधीही लिहू नका. पैसे जमूनही पेशंट दगावू शकतो, आणि न जमताही हॉस्पिटल उपचार चालू ठेवू शकतं. पहिल्या वेळी देणाऱ्यांना फसल्यासारखं वाटतं, दुसऱ्या वेळी न देऊ शकलेल्यांच्या मनात विनाकारण सल राहतो.

पाचवी पायरी: फोटो आणि कागद

नळ्या लावलेल्या चेहऱ्याचा फोटो नको. ताईने स्वतः निवडलेला आजाराआधीचा फोटो घ्या, आणि त्यात इतर माणसं, विशेषतः मुलं, नसावीत. आयसीयूत काढलेल्या फोटोत शेजारच्या खाटेवरचा पेशंट येतो, त्याची संमती कुणीच घेतलेली नसते.

इस्टिमेट जोडताना घरचा पत्ता, फोन, ओळखपत्राचे आकडे, विमा पॉलिसीचा नंबर आणि पेशंटच्या नोंदणीजवळचा बारकोड किंवा क्यूआर कोड झाका. फोनवरच्या मार्करने काळं केलेलं कधी कधी ब्राइटनेस वाढवून वाचता येतं. अपारदर्शक चौकोन टाका, किंवा कागदावरच पट्टी चिकटवून फोटो काढा. हॉस्पिटलचं नाव, तारीख, बाबी, रकमा आणि शिक्का उघडे राहू द्या, खातरजमा त्यावरूनच होते. तपासण्यांचे रिपोर्ट टाकू नका. साइटने मागितले तर ते साइटला खासगीत पाठवता येतात.

सहावी पायरी: पाठवणं

ग्रुपवर लिंक टाकून 'प्लीज शेअर' लिहिण्यापेक्षा माणसागणिक दोन ओळी लिहिणं वेळखाऊ आहे, पण त्यालाच उत्तरं येतात. ताईच्या मुख्याध्यापकांना भावाने असं लिहिलं: "सर, ताईच्या आजाराचा सविस्तर मजकूर आणि हिशेब इथे दिला आहे. शाळेतल्या कुणाला मदत करायची असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवाल का? कुणालाही आग्रह नको. ताईलाही तसंच हवं आहे." वरिष्ठांकडून आलेल्या विनंतीचं शिपायापासून सगळ्यांवर दडपण येतं, म्हणून ते शेवटचं वाक्य.

कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका. न दिलेल्यांची यादी त्यातून आपोआप तयार होते. आठवण पुन्हा करायची तर नवीन माहिती असेल तेव्हाच: ट्रेकिऑस्टॉमी झाली, व्हेंटिलेटरचा आधार कमी करायला सुरुवात झाली, अजून २,१०,००० बाकी आहेत. 'अजून कुणी मदत केली नाही का?' ही माहिती नव्हे.

पैसे येऊ लागल्यावर

दर रविवारी लिहायचं ठरवलं असेल तर काही घडलं नसलं तरी लिहा. 'या आठवड्यात बदल नाही, व्हेंटिलेटर चालू आहे, आत्तापर्यंत ४,७५,००० जमले' एवढं पुरे. लोक शंका घेऊ लागतात ते बहुधा तुम्ही गप्प बसल्यावर. अपडेट टाकण्याआधीही ताईला विचारा. आवाहनाला दिलेली संमती तिच्या प्रत्येक दिवसाच्या बातमीला लागू होत नाही, आणि ती पंधराव्या दिवशी मत बदलू शकते. तिने नाव काढ म्हटलं तर काढायचं.

इस्टिमेट वाढलं तर आधी नवा कागद टाका, मग लक्ष्य वाढवा, आणि फरक कशामुळे ते एका वाक्यात लिहा: आयसीयूचे सात दिवस वाढले. विम्याची आणखी रक्कम मंजूर झाली तर लक्ष्य तेवढंच कमी करा, त्याच दिवशी. रक्कम पूर्ण झाली की आवाहन बंद करा. चालू ठेवलं तर पैसे येत राहतात आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब तुमच्या डोक्यावर बसतो.

पेशंट गेला तर दोन-तीन दिवसांत तीन ओळी लिहा आणि देणगी घेणं थांबवा. लिहायचं काम घरच्यांनी करू नये, एखाद्या मित्रावर सोपवावं. बिल भरून काही उरलं असेल तर त्याचं काय करणार हे त्याच तीन ओळींत सांगावं, आणि परत करायचं ठरलं तर साइटला लगेच कळवावं, कारण पैसे हॉस्पिटलकडे वळते झाल्यावर ते परत मिळवण्याची प्रक्रिया लांबते.